सरकती खिडकी, दोन हीप आणि तीन एकतीस

एखादा तापमापक दर मिनिटाला पूर्ण अंशांत एक नोंद देतो आणि मधूनच एखादी भलतीच नोंद टाकतो. अशी उसळी गाळायची तर सरासरी फारशी उपयोगाची नसते. 31, 31 आणि 38 यांची सरासरी 33.33 येते, म्हणजे एका वेड्या नोंदीने तिघांचा आकडा वर ओढला. मध्यक मात्र 31 वरच राहतो, कारण तो चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांमधला मधला आकडा असतो आणि टोकाचा आकडा किती दूर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जॉन ट्युकी यांनी 1977 च्या ‘एक्स्प्लोरेटरी डेटा अनालिसिस’मध्ये आकड्यांची मालिका गुळगुळीत करायला सरकते मध्यक वापरले ते याचसाठी. खिडकी k नोंदींची घ्यायची, तिचा मध्यक काढायचा, खिडकी एक घर पुढे सरकवायची, पुन्हा मध्यक काढायचा.

खिडकी तीन नोंदींची असेल तर कसाही काढा, फरक पडत नाही. पण खिडकी पूर्ण दिवसाची, म्हणजे 1440 मिनिटांची असेल आणि नोंदी वर्षभराच्या, म्हणजे 5,25,600 असतील, तर दर मिनिटाला 1440 आकडे नव्याने क्रमाने लावणं शुद्ध उधळपट्टी आहे. दोन मिनिटांमध्ये खिडकीत बदलतं काय? एक नोंद येते आणि एक जाते, बाकीच्या 1439 जागच्या जागी असतात. दोन हीपांची युक्ती नेमका याचा फायदा घेते.

हीप ही रचना जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी 1964 मध्ये हीपसॉर्टसाठी मांडली. तिचा स्वभाव सोपा आहे: सगळ्यात लहान (किंवा सगळ्यात मोठा) आकडा कायम माथ्यावर असतो, तो लगेच वाचता येतो, तो काढायला किंवा नवा आकडा घालायला n आकड्यांच्या हीपमध्ये साधारण log n पायऱ्या लागतात. 1440 आकड्यांना हे दहा-अकरा पायऱ्यांचं काम. माथ्याखाली मात्र आकडे कच्चेच लागलेले असतात, आणि अमुक आकडा कुठे आहे हे हीपला विचारून उपयोग नाही. त्याला ते माहीत नसतं.

आता खिडकीतले आकडे दोन हीपांत वाटायचे. लहान अर्धे `lo` मध्ये, तिथे माथ्यावर सर्वांत मोठा. मोठे अर्धे `hi` मध्ये, तिथे माथ्यावर सर्वांत लहान. मध्यकाच्या दोन्ही बाजूंचे शेजारी असे आपोआप दोन माथ्यांवर येऊन बसतात. k विषम असेल तर `lo` मध्ये एक आकडा जास्त ठेवायचा आणि त्याचा माथा हाच मध्यक. k सम असेल तर दोन्ही माथ्यांची सरासरी. नवी नोंद `lo` च्या माथ्याएवढी किंवा त्याहून लहान असेल तर `lo` मध्ये, नाहीतर `hi` मध्ये. मग एक बाजू जड झाली तर तिचा माथा उचलून दुसरीकडे टाकायचा. पायथनच्या `heapq` चा हीप नेहमीच्या वापरात लहानाला माथ्यावर ठेवतो, म्हणून `lo` मध्ये आकडे उणे चिन्ह लावून ठेवण्याची पद्धत आहे. हे उणे चिन्ह लक्षात असू द्या, पुढे ते त्रास देणार आहे.

येणाऱ्या नोंदीची सोय झाली. जाणाऱ्या नोंदीचं काय? ती हीपच्या पोटात कुठेतरी असते. ती शोधायला सगळा हीप चाळावा लागला तर सगळी बचत वाया गेली. म्हणून शोधायचंच नाही. नोंद गेली असं फक्त लिहून ठेवायचं आणि तिला आहे तिथे पडू द्यायचं. कधीतरी ती माथ्यावर आलीच तर तेव्हा फेकून द्यायची. माथ्यावर आली नाही तोवर तिचा कुणाला उपद्रव नाही, कारण आपण माथ्यापलीकडे काही वाचतच नाही. हेच लेझी डिलीशन. वाण्याकडे उधारीची वही असते तसाच हा कारभार: व्यवहार आज झाला, हिशेब नंतर चुकता करू.

उधारी आली की एक गोष्ट पदरात येते. हीपची लांबी आता खरी राहत नाही, कारण त्यात चालू नोंदीही आहेत आणि गेलेल्याही. म्हणून चालू नोंदींची संख्या वेगळी मोजावी लागते: `nlo` आणि `nhi`. दोन्ही बाजू समतोल आहेत का, हे या दोन मोजण्यांवरून ठरवायचं. आणि नोंद जाते तेव्हा यांपैकी एक मोजणी एकाने कमी करायची असते. कोणती? ती नोंद ज्या हीपमध्ये आहे त्याची. ती कोणत्या हीपमध्ये आहे? इथे सगळी गोम आहे.

आकडे सगळे वेगवेगळे असतील तर उत्तर एका तुलनेत मिळतं. जाणारा आकडा `lo` च्या माथ्याएवढा किंवा लहान असेल तर तो `lo` मध्येच असणार, मोठा असेल तर `hi` मध्ये. पण आपला तापमापक पूर्ण अंशांत नोंद देतो. दुपारच्या तासाभरात साठ नोंदींपैकी चाळीस 31 असू शकतात. मग 31 हा आकडा दोन्ही हीपांत एकाच वेळी असतो, आणि “31 कुठे आहे” या प्रश्नाला दोन उत्तरं असतात.

हे नेमकं कुठे फसतं ते तीन नोंदींच्या खिडकीत बघू. ही रचना लिहिताना बहुतेकांना सुचतो तो मार्ग असा: प्रत्येक नोंदीबरोबर तिचा क्रमांक ठेवायचा. `lo` मध्ये `(-v, i)`, `hi` मध्ये `(v, i)`. माथ्यावरच्या नोंदीचा क्रमांक खिडकीच्या मागे पडला असेल तर ती गेलेली, काढून टाका. वेगळी वही ठेवायला नको, क्रमांकच सांगतो. फार सुटसुटीत वाटतं. आणि मोजणी कमी करताना:

```python
if a[j] <= -lo[0][0]:
    nlo -= 1
else:
    nhi -= 1
```

`j` हा खिडकीतून जाणाऱ्या नोंदीचा क्रमांक. प्रत्येक फेरीत आधी नवी नोंद घालायची आणि समतोल साधायचा, मग जुनी वजा करायची, माथे साफ करायचे आणि पुन्हा समतोल साधायचा.

नोंदी घेऊ 31, 31, 31, 38. क्रमांक कंसात लिहितो. 31(0) `lo` मध्ये गेली. 31(1) माथ्याएवढी, म्हणून तीही `lo` मध्ये. आता `lo` मध्ये दोन, `hi` रिकामा, समतोल बिघडला, माथा हलवायचा. माथ्यावर कोण? `(-31, 0)` आणि `(-31, 1)` मध्ये लहान `(-31, 0)`. म्हणजे जुनी नोंद, 31(0), `hi` मध्ये गेली. मग 31(2) `lo` मध्ये. खिडकी भरली: `lo` मध्ये 31(1) आणि 31(2), `hi` मध्ये 31(0). मोजण्या 2 आणि 1. मध्यक 31, बरोबर.

आता 38(3) आली. ती मोठी, `hi` मध्ये गेली, मोजण्या 2 आणि 2. आता 31(0) जायची आहे. 31 हा `lo` च्या माथ्याएवढा, म्हणून `nlo` एकाने कमी, 1 झाली. पण 31(0) तर `hi` मध्ये आहे! माथे साफ करताना `lo` च्या माथ्यावर 31(1) दिसते, ती चालू आहे, तिला हात लागत नाही. `hi` च्या माथ्यावर 31(0) दिसते, ती गेलेली, तिला काढलं जातं. आता परिस्थिती अशी: `lo` मध्ये खऱ्या दोन नोंदी पण मोजणी 1, `hi` मध्ये खरी एकच नोंद, 38, पण मोजणी 2. समतोल साधणारा कोड मोजण्या बघतो, `hi` जड आहे असं समजतो आणि `hi` चा माथा `lo` मध्ये टाकतो. तो माथा म्हणजे 38. `lo` च्या माथ्यावर 38 येऊन बसते आणि मध्यक म्हणून 38 छापला जातो. खिडकीत 31, 31, 38 असताना. जी उसळी गाळायला हा खटाटोप मांडला, तीच उत्तर म्हणून बाहेर पडली.

एवढा ढळढळीत चुकला तर बरं. शेवटी 38 ऐवजी 30 आली तर काय होतं बघा. 30(3) `lo` मध्ये जाते, तिथे तीन होतात, माथा 31(1) `hi` मध्ये ढकलला जातो. मोजण्या 2 आणि 2. 31(0) जाताना पुन्हा `nlo` चुकून कमी होते, प्रत्यक्षात मात्र `hi` मधली नोंद निघते. समतोलासाठी 31(1) परत `lo` मध्ये येते. आता `lo` मध्ये 31, 31, 30 अशा तिन्ही नोंदी आहेत, `hi` पूर्ण रिकामा, आणि मोजण्या म्हणतात 2 आणि 1. मध्यक? `lo` चा माथा, 31. खिडकी 31, 31, 30 आहे, तेव्हा उत्तर अगदी बरोबर. आतला हिशेब कोलमडलेला आहे आणि बाहेर काही दिसत नाही. पुढची नोंद 29 असेल तर ती `lo` मध्ये जाते, माथा 31(1) पुन्हा `hi` मध्ये, मग 31(1) जायची वेळ, पुन्हा `nlo` कमी, पुन्हा `hi` मधली नोंद निघते आणि `hi` रिकामा होतो. `nhi` तरीही 2 सांगते. समतोल साधणारा कोड रिकाम्या हीपचा माथा काढायला जातो आणि `IndexError` येतो. चूक एका फेरीपूर्वी झाली, कोसळणं आता झालं. आणि कोसळलेली ओळ समतोलाची, चुकलेली ओळ वजाबाकीची, त्यामुळे शोधणारा आधी भलत्याच जागी शोधतो.

यात आणखी एक खोच आहे. अशा वेळी माणूस सावधगिरी म्हणून `assert nlo + nhi == k` अशी ओळ घालतो. ती ओळ या चुकीत एकदाही ओरडत नाही. कारण प्रत्येक फेरीत कोणती तरी मोजणी एकाने कमी होतेच, बेरीज शाबूतच राहते. चुकतं ते वाटप. तपासायचं असेल तर चाचणीच्या वेळी `hi` पूर्ण चाळून त्यातल्या चालू नोंदी मोजा आणि त्या `nhi` एवढ्या आहेत का ते बघा. हळू चालेल, पण चाचणीत चालतं. आणि चाचणीचे आकडे लाखांच्या पल्ल्यातून घेऊ नका, तिथे दोन आकडे सारखे यायची शक्यता नगण्य. 0 ते 3 एवढ्या पल्ल्यातून यादृच्छिक आकडे घ्या, k एक ते सहा, आणि प्रत्येक खिडकी साधी `sorted` करून उत्तर ताडून पाहा. हा कोड चुकीचा असेल तर अशा चाचणीत लगेच सापडतो.

चुकीचं मूळ काय? दोन भूमिका एकाच वेळी घेतल्या आहेत. माथा साफ करताना आपण म्हणतो, 31(0) आणि 31(1) या वेगळ्या नोंदी आहेत, यातली नेमकी पहिलीच काढायची. मोजणी कमी करताना मात्र म्हणतो, 31 म्हणजे 31, कोणतीही असो. यातली कोणतीही एक भूमिका शेवटपर्यंत निभावली तर कोड बरोबर चालतो. अर्धी ही आणि अर्धी ती घेतली की वर पाहिलेला घोळ होतो.

आधी दुसरी भूमिका निभावून बघू: 31 म्हणजे 31. क्रमांक टाकून द्यायचे, हीपमध्ये नुसते आकडे, आणि `baki` नावाची एक वही, ज्यात कोणत्या आकड्याच्या किती प्रती काढायच्या राहिल्यात ते लिहायचं. `baki` म्हणून `Counter` किंवा `defaultdict(int)` चालतं.

```python
def vaja(x):
    global nlo, nhi
    baki[x] += 1
    if x <= -lo[0]:
        nlo -= 1
        saaf_lo()
    else:
        nhi -= 1
        saaf_hi()
    samtol()

def saaf_lo():
    while lo and baki[-lo[0]]:
        baki[-lo[0]] -= 1
        heappop(lo)
```

31, 31, 31, 38 वर हे चालवून बघा. 38 आल्यावर `lo` मध्ये 31, 31 आणि `hi` मध्ये 31, 38. एक 31 जायची आहे. `nlo` 1 झाली, वहीत 31 समोर 1 लिहिलं, आणि लगेच `lo` साफ केला. माथ्यावर 31 आहे, वहीत तिची बाकी आहे, काढली, बाकी शून्य. ती नेमकी कितव्या क्रमांकाची 31 होती हे आपल्याला माहीत नाही आणि त्याची गरजही नाही. मोजणी `lo` ची कमी झाली आणि प्रतही `lo` मधूनच गेली, म्हणजे हिशेब जुळला. आता `hi` जड, त्याचा माथा 31 `lo` मध्ये आला, मध्यक 31.

या कोडमधली महत्त्वाची गोष्ट ‘लगेच’ या शब्दात आहे. ज्याची मोजणी कमी केली तोच हीप, त्याच क्षणी, दुसऱ्याला हात लावण्याआधी साफ करायचा. पुष्कळ जण साफसफाई एकत्र करून फेरीच्या शेवटी ठेवतात, किंवा दोन्ही माथे साफ करणारं एकच फंक्शन लिहितात आणि त्यात `hi` आधी येतो. मग काय होतं? `nlo` कमी झाली, पण वहीतली बाकी `hi` च्या माथ्यावरच्या 31 ने भागवली. पुन्हा 38 उत्तर. क्रमांक टाकून दिले तरी जुनीच चूक दुसऱ्या दाराने घरात आली.

‘लगेच साफ’ हा नियम पाळला तर मात्र कोड बरोबर चालणारच, आणि का चालणार हे समजून घेण्यासारखं आहे. एकच आकडा दोन्ही हीपांत कधी असू शकतो? `lo` मधलं काहीही `lo` च्या माथ्यापेक्षा मोठं नाही, `hi` मधलं काहीही `hi` च्या माथ्यापेक्षा लहान नाही, आणि `lo` चा माथा `hi` च्या माथ्यापेक्षा मोठा नाही. तेव्हा एखादा आकडा दोन्हीकडे असेल तर तो दोन्हीकडे माथ्यावरच असणार. आणि दोन्ही माथे कायम साफ असतील तर त्या आकड्याची बाकी शून्य असणार, नाहीतर तो माथ्यावर टिकलाच नसता. उलट ज्या आकड्याची बाकी अजून उरली आहे, तो कुठल्या तरी एकाच हीपच्या पोटात आहे. थोडक्यात, संदिग्ध आकड्याची उधारी कधी शिल्लक राहत नाही आणि उधारी असलेला आकडा कधी संदिग्ध नसतो. हा युक्तिवाद एका धाग्यावर टांगलेला आहे: प्रत्येक निर्णयाच्या वेळी दोन्ही माथे साफ असले पाहिजेत. म्हणून समतोल साधताना `lo` चा माथा उचलून `hi` मध्ये टाकला की `lo` ला नवा माथा मिळतो आणि तो गेलेला असू शकतो. तिथेही लगेच साफ करावं लागतं. ही दुसरी जागा विसरायला सोपी, कारण ती वजाबाकीच्या फंक्शनमध्ये नसते.

आता पहिली भूमिका: प्रत्येक नोंद वेगळी. मग तुलनाही पूर्ण नोंदीची करायची, `(v, i)` ची `(v, i)` शी. आकडा सारखा असेल तर जुनी नोंद लहान, नवी मोठी. असा क्रम लावला की दोन नोंदी कधीच समान नसतात आणि सारख्या आकड्यांचा प्रश्नच उरत नाही. नोंद घालताना आणि वजा करताना, दोन्ही वेळी हीच तुलना वापरायची.

इथे मघाचं उणे चिन्ह आडवं येतं. `lo` मध्ये `(-v, i)` ठेवलं तर आकड्यांचा क्रम उलटा झाला पण क्रमांकांचा नाही. `lo` च्या माथ्यावर सर्वांत मोठी नोंद हवी, म्हणजे सारख्या 31 मधली सर्वांत नवी. `(-v, i)` सर्वांत जुनी देतं. तुलना सुधारूनही उणे एकच ठेवलं तर 31, 31, 31, 38 ची चाचणी पार पडते, आणि माणूस निश्चिंत होतो. पण त्याच कोडला k = 4 आणि 31, 31, 31, 30, 29 द्या. चार नोंदी आल्यावर `lo` मध्ये 31(1) आणि 30(3) आहेत, `hi` मध्ये 31(0) आणि 31(2), कारण 30 आल्यावर `lo` ने आपली सर्वांत जुनी 31 ढकलून दिली. 29(4) `lo` मध्ये येते. मग 31(0) जायची आहे. `(31, 0)` ही `lo` च्या माथ्यावरच्या `(31, 1)` पेक्षा लहान, म्हणून ती `lo` मध्ये आहे असा निष्कर्ष. ती आहे `hi` मध्ये. `nlo` चुकून कमी होते, `hi` मधून 31(0) निघते, दोन्ही मोजण्या 2 आणि 2 दिसतात म्हणून काही हलत नाही, आणि मध्यक 31 येतो. खिडकी 31, 31, 30, 29 आहे, खरा मध्यक 30.5. अर्ध्या अंशाची चूक, जी आलेखावर नजरेलाही पडणार नाही. `lo` मध्ये `(-v, -i)` ठेवलं की 30 आल्यावर 31(1) ढकलली जाते, 31(0) `lo` मध्येच राहते आणि उत्तर 30.5 येतं. दोन्हींना उणे हवं.

या दोन उणे चिन्हांचा भरवसा वाटत नसेल, आणि मला तो फारसा वाटत नाही, तर तिसरा मार्ग जास्त राकट आणि जास्त सोपा आहे. तुलना करून जागा ओळखायचीच नाही. `baju` नावाची एक यादी ठेवायची आणि नोंद `lo` मध्ये गेली की `baju[i] = 0`, `hi` मध्ये गेली की `baju[i] = 1`. समतोल साधताना नोंद हलली की तिची `baju` बदलायची. नोंद जाताना `baju[j]` वाचायची आणि त्याच बाजूची मोजणी कमी करायची. यात एकच अट पाळायची: माथा उचलण्याआधी तो साफ असला पाहिजे, नाहीतर गेलेली नोंदच इकडून तिकडे हलते आणि तिच्यासाठी मोजण्या बदलल्या जातात. एवढं सांभाळलं की सारखे आकडे कितीही येवोत, `lo` मध्ये सारख्यांमधली जुनी माथ्यावर येवो की नवी, फरक पडत नाही. जास्तीची जागा लागते ती नोंदीमागे एका आकड्याची. दुसऱ्याला वाचायला द्यायचा कोड असेल तर मी हाच लिहीन.

‘R’ या भाषेतल्या `runmed` ची वाट यापुढची आहे. तिला `algorithm = "Turlach"` असं सांगितलं तर ती हेर्डले आणि स्टायगर यांची 1995 ची पद्धत वापरते. तिच्यातही दोन हीप आहेत, पण प्रत्येक नोंद हीपमध्ये कोणत्या घरात बसली आहे याची नोंद कायम ठेवलेली असते. त्यामुळे जाणारी नोंद जागेवरच बदलता येते आणि उधारीची गरजच पडत नाही. लिहायला किचकट, पण हीप कधी k पेक्षा मोठे होत नाहीत.

हा शेवटचा मुद्दा छोटा नाही. उधारी साचते. खिडकी लहान असेल आणि पहाटेपर्यंत तापमान सतत उतरत गेलं तर रात्रीच्या सुरुवातीच्या मोठ्या नोंदी खिडकीतून जातात, पण त्या `hi` च्या तळाशी असतात आणि माथ्यावर त्यांच्यापेक्षा लहान आकडे येतच राहतात. त्या माथ्यावर कधी पोचतच नाहीत. आकडे न थांबता उतरत राहिले तर `hi` मध्ये जवळजवळ सगळ्या नोंदी साठतात, खिडकी दहाची असली तरी. उत्तर चुकत नाही, स्मृती मात्र खाल्ली जाते आणि पायऱ्या log k ऐवजी log n लागतात. दिवसरात्र चालणाऱ्या प्रवाहाला हे परवडत नाही. त्यावर साधा उपाय आहे: `len(hi)` ही `nhi` च्या दुप्पट झाली (आणि अगदीच लहान नसेल) की हीप चाळून फक्त चालू नोंदी ठेवायच्या आणि `heapify` करायचं. चाळणीला लांबीएवढं काम लागतं, पण ती वेळ यायला तेवढ्याच गेलेल्या नोंदी साचाव्या लागतात, म्हणून दर नोंदीमागचा सरासरी खर्च वाढत नाही. वहीवाल्या कोडमध्ये चाळताना प्रत्येक आकड्याच्या `baki` एवढ्या प्रती टाकायच्या आणि तेवढीच बाकी कमी करायची. हे करताना दुसऱ्या हीपकडे बघायची गरज नाही, कारण वर पाहिलं तसं, बाकी असलेला आकडा एकाच हीपमध्ये असतो. पण पुन्हा तीच अट, चाळणीच्या वेळी दोन्ही माथे साफ हवेत.

आणि दोन हीप टाळूनही सारखे आकडे पाठ सोडत नाहीत. सी++ मध्ये `multiset` वापरला तर जाणारा आकडा खरोखर काढता येतो, पण `ms.erase(31)` लिहिलं तर त्यातल्या सगळ्या 31 एकदम जातात. एकच काढायची तर `ms.erase(ms.find(31))` लिहावं लागतं. पायथनमध्ये k काही शेकड्यांच्या आत असेल तर मी हीपांच्या वाटेला जाणारही नाही. क्रमाने लावलेली साधी यादी, घालायला `insort`, काढायला `bisect_left` ने जागा शोधून `del`. सारख्या 31 यादीत शेजारी शेजारी असतात, त्यातली कोणतीही काढली तरी उरलेली यादी तीच. आकडे सरकवायचं काम k एवढं असतं, पण ते सलग स्मृतीतलं सरकवणं असल्यामुळे लहान खिडकीत हीपांच्या सगळ्या कसरतीपेक्षा ते लवकर आटोपतं.